(1 + 1/n)ⁿ ची सीमा 1 का नाही?

“कंस 1 कडे जातो, 1 चा कोणताही घात 1, मग सीमा 1च ना?” (बारावीची विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर)

नाही. कंस 1 कडे सरकतो तेव्हाच घातही वाढत असतो. आधी कंस, मग घात असं करता येत नाही.

n = 2 घ्या. 1.5, 1.5 आणि 1 यांची सरासरी 4/3. असमान धन संख्यांचा गुणाकार सरासरीच्या तेवढ्याच घाताहून लहान असतो, म्हणून (1.5)² < (4/3)³, म्हणजे 2.25 < 2.37. कोणत्याही n साठी हेच करा: n वेळा (1 + 1/n) आणि एकदा 1 घेतला की सरासरी 1 + 1/(n+1) येते. म्हणजे पुढचं पद नेहमी मोठंच. पहिलं पदच 2 आहे, मग सीमा 1 कशी होईल?

आणि हे पद अनंताकडेही जात नाही. द्विपद विस्तारातलं (1/n)ᵏ चं पद 1/k! हून मोठं नसतं, आणि k ≥ 1 साठी 1/k! हे 1/2ᵏ⁻¹ हून मोठं नसतं, म्हणून बेरीज 1 + 1 + 1/2 + 1/4 + … च्या, म्हणजे 3 च्या आतच राहते. वाढती आणि बद्ध, म्हणून सीमा आहे: e, सुमारे 2.718.