मातीची कुंडी गार, म्हणून पाणी कमी?

"मातीच्या कुंडीत मुळं गार राहतात, म्हणून उन्हाळ्यात झाडाला पाणी कमी लागतं ना?"

उलट जास्त लागतं. माठ गार होतो तो पाझरलेलं पाणी बाहेर वाळतं म्हणून, कुंडीचंही तेच. सोलापूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या, चाळिशीपार उन्हात कुंडीची भिंत सगळ्या बाजूंनी पाणी उडवत राहते. बाहेर पांढरे डाग दिसले, की समजा पाणी तिथूनच गेलंय. ते पाण्यातले क्षार असतात.

मातीची कुंडी टाकून देऊ नका, वाईट वाटतं. माझा मोगरा आठ इंची प्लास्टिकच्या कुंडीत आहे आणि ती कुंडी बारा इंची मातीच्या कुंडीत ठेवलीय. दोन्हींना तळाशी भोकं आहेत. बाहेरची कुंडी ऊन झेलते, आतली ओल धरते. वर उसाच्या पाचटाचा दोन इंच थर, खोडापासून दोन बोटं दूर. खोडाला चिकटलं तर ते कुजतं.

पाणी ऊन चढण्याआधी, पहाटे द्यावं. पाचट बाजूला सारून बोट दोन पेरं मातीत खाली घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. घातलेलं पाणी लगेच तळातून निघालं, तर माती आक्रसून कडेला फट पडलीय, मुळं कोरडीच राहिलीत. तेव्हा आतली कुंडी अर्धा तास पाण्याच्या टोपात बुडवून ठेवा.

पावसाळ्यात मात्र पाचट काढा, नाहीतर मुळं सडतील.