स्वतःच्या लेखातली चूक डोळ्यांना का दिसत नाही?

दिवाळी अंकासाठी आलेल्या लेखांसोबत ‘दोनदा लक्षपूर्वक वाचून पाठवत आहे’ अशी ओळ हमखास असते. लेखकाने खरोखरच दोनदा वाचलेलं असतं. तरीही ‘शेतकऱ्यांनी’ वरचा अनुस्वार पडलेला असतो आणि एखादा परिच्छेद भलत्याच जागी बसलेला असतो. लक्ष कमी पडलं, असं आपण म्हणून मोकळे होतो. पण खरं कारण डोळा वाचतो कसा यात आहे.

वाचताना नजर ओळीवरून सरकत जात नाही, ती उड्या मारते. दोन उड्यांच्या मध्ये साधारण पाव सेकंद थांबते आणि वाचन होतं ते त्या थांब्यातच. अक्षरं स्पष्ट दिसतात ती दृष्टिपटलावरच्या एका छोट्या खळग्यामुळे. त्याच्या वाट्याला दृश्याचा जेमतेम २ अंशांचा भाग येतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा. आजूबाजूचं सगळं अंधुक असतं. तिथलं मेंदू संदर्भावरून ओळखून घेतो. इंग्रजी वाचकांवरच्या प्रयोगांत जवळजवळ एक तृतीयांश शब्दांवर नजर थांबतच नाही असं दिसलं. शब्द जितका छोटा आणि अपेक्षित, तितका तो वगळला जाण्याचा संभव जास्त. आता स्वतःच्या मजकुरात तर पुढचा प्रत्येक शब्द अपेक्षितच असतो! म्हणून आपण कागदावरचं वाचत नाही, मनात होतं ते वाचतो.

(‘शब्द वाचायला पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की पुरे, केंब्रिजचं संशोधन’ हा संदेश २००३ पासून फिरतो आहे. केंब्रिजमध्ये असा प्रयोग झालेला नाही, आणि अक्षरं उलटीपालटी केली की वाचनाचा वेग घटतो हे मोजलं गेलं आहे. काना-मात्रा-वेलांटीच्या आपल्या लिपीत तर तो दावा मुळीच लावू नये.)

लिहून झाल्यावर मध्ये काही दिवस गेले की शब्दांची नेमकी आठवण पुसट होते, अंदाज कच्चे पडतात आणि नजर जास्त ठिकाणी थांबते. पण हा परकेपणा खर्च होत जातो, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. प्रत्येक वाचनागणिक मजकूर पुन्हा ओळखीचा होतो. त्यामुळे ज्या कामाला परकी नजर सर्वांत जास्त लागते, ते पहिल्याच वाचनात उरकायचं. ते काम म्हणजे रचना.

एका शिक्षक मित्राचा खाजन शेतीवरचा, म्हणजे गोव्यात खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीवरचा लेख घ्या. आठवडाभर बाजूला ठेवून त्याने तो छापून काढला, अक्षर वेगळं, ओळी आखूड. पेन हातात न घेता एकदा वाचला, मग लेख पालथा घालून प्रत्येक परिच्छेद काय सांगतो ते एकेका ओळीत आठवून लिहिलं. चौथ्या परिच्छेदाची ओळ जमेना, कारण त्यात बांध फुटण्याची कारणंही होती आणि मासेमारीचा लिलावही. शिवाय ‘मानशीची दारं’ दुसऱ्या परिच्छेदात आली होती आणि मानस म्हणजे बांधातली पाणी आत-बाहेर सोडायची झडपेची वाट, हे पाचव्यात. गोव्याबाहेरचा वाचक तीन परिच्छेद चाचपडत राहिला असता. त्याने चौथा तोडला, पाचवा वर आणला. शुद्धलेखनाला हात लावला नाही. जो परिच्छेद कदाचित उडणार आहे त्यातले ऱ्हस्व-दीर्घ कशाला तपासायचे?

मग वाक्यं, मोठ्याने वाचून. दम जिथे तुटला तिथे खूण. इथेच ‘भरतीच्या वेळी मानशीची दारं उघडतात’ हे वाक्य अडखळलं. भरतीचं पाणी दारं दाबून बंद करतं, ओहोटीला ती उघडतात, आणि पुढच्याच वाक्यात त्याने ‘त्यामुळे खारं पाणी शेतात शिरत नाही’ असं लिहिलं होतं. अर्थात मोठ्याने वाचतानाही तोंड कधी कधी अपेक्षित शब्दच उच्चारून जातं. घरातल्या कुणाला वाचायला लावून आपण ऐकलं तर ते टळतं.

शब्दांची पाळी शेवटी, आणि इथे परकी नजर उरली नसली तरी चालतं. शेवटच्या वाक्यापासून उलटं, एकेक वाक्य वर जात वाचायचं. मागचा संदर्भ तुटतो, अंदाज बांधायला आधार राहत नाही. ‘त्यानी’, ‘कि’, ओळीच्या शेवटी आणि पुढच्या ओळीच्या आरंभी दोनदा पडलेला ‘आणि’ अशाच वाचनात सापडतात. आकडे आणि नावं मात्र मूळ टिपणाशीच ताडून पाहावी लागतात, कारण चुकीचं असूनही जे आपल्याला खरं वाटतं ते महिनाभराने वाचलं तरी खरंच वाटतं.