निगेटिव्ह व्याजदर (उणे व्याजदर)

बँकांनी सेंट्रल बँकेकडे ठेवलेल्या पैशावर व्याज मिळायच्या ऐवजी उलटं शुल्क लागतं, त्याला निगेटिव्ह व्याजदर म्हणतात. डेन्मार्कने २०१२ मध्ये, युरोपियन सेंट्रल बँकेने २०१४ मध्ये आणि जपानने २०१६ मध्ये हे केलं, पण सगळ्यात कडक प्रकारांपैकी एक स्वित्झर्लंडचा, म्हणून इथे तोच घेऊ.

मुळात स्विस नॅशनल बँकेला (एसएनबी) कर्ज स्वस्त करण्यापेक्षा फ्रँक कमी आकर्षक करायचा होता. युरो संकटात सगळे घाबरून फ्रँक घ्यायला लागले, फ्रँक इतका महाग झाला की स्विस निर्यातदारांचं कंबरडं मोडायची वेळ आली, म्हणून सप्टेंबर २०११ मध्ये एसएनबीने जाहीर केलं की युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. ते टिकवायला ती युरो विकत घ्यायची आणि बदल्यात नवे फ्रँक तयार करून बँकांच्या एसएनबीमधल्या खात्यात टाकायची. हे खात्यातले फ्रँक म्हणजेच रिझर्व्ह, आणि ते फुगतच गेले. १५ जानेवारी २०१५ ला एसएनबीने १.२० चा आधार अचानक सोडला आणि त्याच दिवशी, महिनाभर आधी ठरवलेला उणे ०.२५ चा दर उणे ०.७५ टक्के करून टाकला. तरी त्या दिवशी युरो काही वेळ एका फ्रँकच्याही खाली गेला होता.

शुल्क मात्र सगळ्या रकमेवर नव्हतं. प्रत्येक बँकेला सूट होती, सुरुवातीला तिच्या किमान सक्तीच्या रिझर्व्हच्या २० पट. समजा एका बँकेचा सक्तीचा रिझर्व्ह १० कोटी फ्रँक आहे, म्हणजे २०० कोटींपर्यंत माफ. तिच्या खात्यात ३०० कोटी पडून असतील तर वरच्या १०० कोटींवर ०.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ७५ लाख फ्रँक खात्यातून वजा. एवढी सूट देऊनही उपयोग होतो, कारण बाजारातला दर ठरतो तो शेवटच्या फ्रँकवर: ज्या बँकेची सूट शिल्लक आहे ती दुसरीकडून पैसे घेते आणि त्यासाठी तीही शुल्क मागते, फक्त ०.७५ पेक्षा जरा कमी.

आता लोक नेहमी म्हणतात की मग बँकांनी ते पैसे कर्ज म्हणून देऊन टाकावेत ना. इथेच गोंधळ होतो. कर्ज दिलं किंवा परदेशी बाँड घेतला तरी रिझर्व्ह एका बँकेच्या खात्यातून दुसरीच्या खात्यात जातो, एकूण आकडा तेवढाच राहतो, अगदी लग्नातल्या पार्सलच्या खेळासारखं, पार्सल हातातून सुटतं पण खोलीतून जात नाही. एकूण रिझर्व्ह कमी करायला एसएनबीने स्वतः परदेशी चलन वगैरे विकून फ्रँक परत घ्यायला हवेत, नाहीतर कुणीतरी रोख नोटा काढायला हव्यात.

आणि नोटांवर तर शून्य टक्के! स्वित्झर्लंडमध्ये १००० फ्रँकची नोट आहे, म्हणजे साठवायलाही सोपं. २०१५ मध्ये एका पेन्शन फंडाने हिशेब केला की १ कोटी फ्रँक काढून तिजोरीत ठेवले तर ७५,००० चं शुल्क वाचेल आणि तिजोरी, वाहतूक वगैरे खर्च जाऊन २५,००० हातात राहतील, पण त्यांच्या बँकेने एवढी रोख द्यायला नकारच दिला. एसएनबीनेही पळवाट आधीच बुजवली होती, बँकेने रोख साठा वाढवला तर तेवढी तिची सूट कमी व्हायची. दर उणे चार-पाच टक्के करता येत नाही तो याचमुळे, तेवढ्यात तिजोरी भाड्याने घेणं कधीही परवडतं.

सामान्य खातेदारांवर बँकांनी हा बोजा सहसा टाकला नाही, ग्राहक पळतील ही भीती. (एका छोट्या बँकेने, आल्टरनाटिव्ह बँक श्वाइझने, २०१६ पासून साध्या खात्यांवरही ०.१२५ टक्के लावले, पण तो अपवाद.) मोठे ठेवीदार आणि कंपन्या मात्र सापडल्या. उरलेला तोटा बँकांनी घरकर्जातून भरून काढला, २०१५ च्या सुरुवातीला दर उणे झाल्यावर दीर्घ मुदतीच्या घरकर्जाचे दर उलट थोडे वाढले. कर्ज स्वस्त होईल हे पुस्तकातलं गणित इथे काही काळ सरळ उलटं चाललं.

आपल्याकडे आरबीआय सीआरआरवर, म्हणजे बँकांना तिच्याकडे सक्तीने ठेवाव्या लागणाऱ्या रकमेवर, व्याज देत नाही, त्याला कुणी कुणी निगेटिव्ह दर म्हणतं, ते चूक. तिथे शून्य मिळतं, कापलं काही जात नाही.

महागाई वाढल्यावर एसएनबीने सप्टेंबर २०२२ मध्ये दर ०.५ टक्क्यावर आणून हे संपवलं. जून २०२५ मध्ये दर परत शून्यावर आला आणि मर्यादेपेक्षा जास्त रकमेवर पाव टक्का कापायला सुरुवात झाली.