नफा 14 कोटी, तरी विभाग तोट्यात

समजा, एका कंपनीचा शेतीपंपांचा विभाग आहे. वर्षाची विक्री 120 कोटी, व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा 14 कोटी. 25 टक्के कर गेला की साडेदहा कोटी उरतात. एवढं कमावणारा विभाग तोट्यात कसा?

त्यासाठी विभागात अडकलेला पैसा मोजावा लागतो. कारखाना आणि यंत्रं 60 कोटींची, गोदामातला माल 25 कोटींचा, विक्रेत्यांकडची उधारी 30 कोटींची. पुरवठादारांचे 15 कोटी द्यायचे आहेत. ते बिनव्याजी वापरायला मिळतात, म्हणून वजा केले. उरलं 100 कोटींचं भांडवल.

यातले 40 कोटी बँकेचे, 10 टक्के व्याजाने. व्याजावर करात सूट मिळत असल्याने ते प्रत्यक्षात साडेसात टक्क्यांना पडतं, म्हणजे 3 कोटी. उरलेले 60 कोटी भागधारकांचे. त्यांना कोणी व्याज देत नाही, म्हणून नफा-तोटा पत्रकात त्यांचा खर्च दिसतच नाही. पण एवढीच जोखीम घेऊन हा पैसा दुसरीकडे लावला असता, तर त्यांना 15 टक्क्यांची अपेक्षा ठेवता आली असती. ते झाले 9 कोटी. एकूण भांडवलाचा खर्च 12 कोटी, म्हणजे 12 टक्के.

साडेदहातून बारा गेले, उरले उणे दीड कोटी. हीच आर्थिक मूल्यवृद्धी, म्हणजे ‘ईव्हीए’. कल्पना जुनीच, न्यूयॉर्कच्या स्टर्न स्टुअर्ट या सल्लागार संस्थेने ती या नावाने रूढ केली. व्याज भांडवलाच्या खर्चात आलेलंच आहे, म्हणून नफा व्याजाआधीचा घ्यायचा. नाहीतर ते दोनदा कापलं जातं.

मला या हिशेबातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की तो उधारीकडे बोट दाखवतो. 120 कोटींच्या विक्रीवर 30 कोटींची उधारी म्हणजे विक्रेते तीन महिन्यांनी पैसे देतात. ती दीड महिन्यावर आणली आणि माल 5 कोटींनी कमी केला, तर भांडवल 80 कोटींवर येतं आणि त्याचा खर्च 9.6 कोटींवर. विक्री टिकली, तर नफ्यात एका रुपयाचीही भर न पडता ईव्हीए अधिक 90 लाख होतो. विक्री अधिकाऱ्याने सहज दिलेली महिन्याची मुदतवाढ इथे रुपयांत दिसते.

मात्र घसारा फसवतो. यंत्रांवर दरवर्षी 6 कोटींचा घसारा पडत असेल आणि नवं काही घेतलं नाही, तर पुस्तकी भांडवल तेवढंच घटतं आणि पुढच्या वर्षीचा खर्च आपोआप 72 लाखांनी उतरतो. काम तेच, यंत्रं आणखी जुनी, तरी ईव्हीए सुधारलेला. उलट 20 कोटींचं नवं यंत्र घेतलं, की पहिल्याच वर्षी 2.4 कोटींचा बोजा पडतो. बोनस याच आकड्यावर असेल, तर विभागप्रमुख खरेदी पुढे ढकलत राहतो. म्हणून ईव्हीए वाढलेला दिसला, की यंत्रांची मूळ खरेदी किंमत धरून तोच हिशेब पुन्हा करून बघावा. तिथे वाढ नाहीशी झाली, तर ती घसाऱ्याची होती.