टीव्हीचा पिन वेगळा, नेटफ्लिक्स प्रोफाइलचा पिन वेगळा

पिन विसरला की घरात पहिला सल्ला मिळतो तो फॅक्टरी रीसेटचा. तो घाईने मानू नका. आधी एकच गोष्ट ठरवा: पडद्यावर पिन विचारतंय कोण, टीव्ही की नेटफ्लिक्स? दोन्ही पिन चार आकडी असतात, दोन्हीकडे चार रिकाम्या चौकटी दिसतात, म्हणून गल्लत होते. पण टीव्हीचा पिन टीव्हीच्या आत साठवलेला असतो आणि प्रोफाइलचा पिन नेटफ्लिक्सच्या खात्यात. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

सॅमसंगच्या स्मार्ट टीव्हीवर गोंधळ आणखी वाढतो, कारण तिथे अख्ख्या अ‍ॅपलाच टीव्हीचं लॉक लावता येतं. मग नेटफ्लिक्सवर बोट ठेवलं की पिन मागितला जातो आणि वाटतं, नेटफ्लिक्सच मागतंय. खरं तर अ‍ॅप अजून उघडलेलंच नसतं. ओळख सोपी आहे. अ‍ॅप उघडून प्रोफाइलची चित्रं दिसण्याआधीच पिन आला, तर तो टीव्हीचा. चित्रं दिसली, त्यातलं एक निवडलं आणि मग पिन आला, तर तो प्रोफाइलचा. शंका राहिली तर तेच प्रोफाइल मोबाइलवर उघडा. तिथेही पिन मागितला, तर टीव्हीचा काही संबंध नाही.

भुसावळच्या एका घरातलं उदाहरण घेऊ. वडील रेल्वेत, ड्युटीवर लाईनवर गेलेले. लहान नातवाने काहीही लावू नये म्हणून त्यांनीच कधीतरी अ‍ॅपला लॉक लावलं होतं, आणि आता पिन त्यांनाही आठवेना. फोनवर म्हणाले, "भो, 0000 टाकून पाहा." चाललं नाही. थोरल्या मुलाने रीसेटचा मेनू उघडला, तर रीसेटलाही तोच पिन हवा! सॅमसंगमध्ये मेनूतून फॅक्टरी रीसेट करायलाही टीव्हीचा पिन लागतो, त्यामुळे ज्याच्यासाठी रीसेट करायचं, त्याच्यापाशीच वाट अडते.

इथे कामाला येते ती रिमोटवरच्या बटणांची क्रमवारी. टीव्ही रिमोटनेच बंद करा, भिंतीवरचं बटण चालूच ठेवा. मग थांबत न बसता एकापाठोपाठ दाबा: म्यूट, व्हॉल्यूम अप, रिटर्न, व्हॉल्यूम डाउन, रिटर्न, व्हॉल्यूम अप, रिटर्न. छोट्या स्मार्ट रिमोटवर म्यूटचं वेगळं बटण नसतं, तिथे व्हॉल्यूमचं बटण आत दाबायचं. मग टीव्ही चालू करून 0000 टाका. यात फक्त पिन बदलतो. अ‍ॅप, लॉगिन, पाहिलेल्याचा इतिहास, सगळं जागच्या जागी राहतं.

नेमकं चुकतं ते टीव्ही भिंतीवरच्या बटणाने बंद करण्यात. आपल्याकडे रात्री मेन स्विच बंद करायची सवय आहेच. वीजच नसेल तर टीव्ही रिमोटचं काही ऐकू शकत नाही. दुसरी चूक म्हणजे मधेच एखादं बटण दोनदा दाबलं जाणं. तसं झालं तर पहिल्यापासून सुरू करा. आकडे असलेल्या जुन्या रिमोटचा टीव्ही असेल, तर टीव्ही बंद असताना म्यूट, 8, 2, 4, पॉवर असा क्रम असे. उघडल्यावर सेटिंगमध्ये System Manager खाली Change PIN आहे, तिथे नवा पिन ठेवा. 0000 तसाच ठेवलात तर नातू तो दुसऱ्या दिवशी ओळखेल.

पिन प्रोफाइलचा निघाला, तर ही बटणं कितीही दाबा, उपयोग शून्य. तिथे मोबाइलच्या ब्राउझरवर netflix.com उघडून खात्याच्या पानावर जा, प्रोफाइल निवडा, Profile Lock उघडा, मागितला तो खात्याचा पासवर्ड किंवा कोड द्या आणि पिन बदला किंवा काढा. टीव्हीवर पिनच्या पडद्यावर Forgot PIN? दिसतं, तेही इथेच आणून सोडतं. म्हणजे हा पिन बदलायला खात्यात शिरता यायलाच हवं.

टीव्ही फॅक्टरी रीसेट केला तरी प्रोफाइलचा पिन जात नाही. नेटफ्लिक्सवरचा इतिहासही जात नाही, कारण तो टीव्हीत नसतोच. जातात ती टीव्हीवरच्या सगळ्या अ‍ॅपची लॉगिन. मग प्रत्येक ठिकाणी पासवर्ड किंवा ओटीपी हवा, आणि ओटीपी येणार लाईनवर गेलेल्या वडिलांच्या मोबाइलवर. आणि पिनच्या कटकटीपायी प्रोफाइल मात्र कधी डिलीट करू नका. फॅक्टरी रीसेटने न जाणारा तो इतिहास, कुठे थांबलो होतो ती जागा आणि यादी, हे सगळं प्रोफाइलबरोबर जातं.