173 चा लॉट आणि उरलेले 119 नग

प्रेस शॉपमध्ये ब्रॅकेटची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, चढवली की पहिला प्रश्न असतो: आता चढवलीच आहे तर किती नग काढायचे? जेवढे मागितलेत तेवढेच, की पुढच्या दोन-तीन आठवड्यांचेही उरकून टाकायचे? आज हा प्रश्न प्लॅनर सॉफ्टवेअरमधल्या एका छोट्या कोडवर सोपवतो. SAP या सॉफ्टवेअरमध्ये `EX` लिहिलं की एका वेळी काढायचा गठ्ठा, म्हणजे लॉट, मागणीएवढाच पडतो, म्हणजे लॉट फॉर लॉट. `WB` लिहिलं की आठवड्याची मागणी एकत्र होऊन एक लॉट पडतो. या दोन अक्षरांमागे शंभराहून अधिक वर्षांचा वाद आहे.

सुरुवात 1913 ची. फोर्ड हॅरिस या अमेरिकन इंजिनियरने एका कारखानदारी मासिकात एका वेळी किती भाग बनवावेत याचं गणित मांडलं. डाय बदलून मशीन लावण्याचा, म्हणजे सेटिंगचा, खर्च लॉटमागे एकदाच येतो, त्यामुळे लॉट मोठा केला की नगामागे तो कमी पडतो. पण मोठा लॉट गोदामात पडून राहतो आणि त्यात पैसा अडकतो. या दोन खर्चांची बेरीज जिथे सर्वांत कमी, तो किफायतशीर लॉट. पुढे 1934 मध्ये विल्सन यांच्या लेखामुळे सूत्र इतकं पसरलं की हॅरिसचं नाव मागे पडलं आणि लोक त्याला विल्सनचं सूत्र म्हणू लागले.

सूत्रात एक गृहीतक होतं: मागणी नळाच्या धारेसारखी एकसारखी चालू आहे. दुकानातल्या साबणाला ते बऱ्यापैकी लागू पडतं. ब्रॅकेटला पडत नाही. ब्रॅकेट कोणी गिऱ्हाईक मागत नाही, ती असेंब्लीचा लॉट लागला की लागते. एका आठवड्यात शंभर, पुढच्या आठवड्यात शून्य. आयबीएममधले जोसेफ ऑर्लिकी यांनी हाच फरक धरून ठेवला: बाजारातून येणारी मागणी वेगळी आणि वरच्या उत्पादनातून उतरणारी मागणी वेगळी. दुसरीचा अंदाज करायचा नसतो, ती हिशेबाने काढता येते. त्यांची पद्धत 1975 मध्ये पुस्तकरूपाने आली. तोवर संगणकही कारखान्यात शिरले होते, त्यामुळे हजारो भागांची आठवडावार गरज काढणं शक्य झालं होतं.

गरज आठवडावार कळली, पण लॉट मात्र जुन्या सूत्राचेच. कुठे अडतं ते पाहण्यासाठी मी बेतलेलं उदाहरण घेऊ. आठ आठवड्यांची ब्रॅकेटची गरज अशी: 60, 40, 0, 100, 20, 0, 120, 60. एकूण 400, म्हणजे सरासरी 50. डाय बदलून पहिला नग पास होईपर्यंतचा खर्च 900 रुपये. आठवडाअखेर शिल्लक राहिलेल्या प्रत्येक नगाचा सांभाळण्याचा खर्च 3 रुपये. सुरुवातीचा साठा शून्य.

हॅरिसच्या सूत्राने किफायतशीर लॉट येतो:

```
√(2 × 50 × 900 / 3) ≈ 173
```

दर वेळी 173 काढायचे ठरवलं तर पहिल्या, चौथ्या आणि आठव्या आठवड्यात लॉट पडतात. आठवडाअखेरची शिल्लक अनुक्रमे 113, 73, 73, 146, 126, 126, 6 आणि 119. सेटिंगचे 2,700 आणि साठ्याचे 2,346 मिळून 5,046 रुपये. खरी बोच शेवटच्या 119 नगांची आहे. सातव्या आठवड्यानंतर 6 नग उरले, ते साठ नगांच्या गरजेला पुरेनात, म्हणून पुन्हा अख्खा लॉट टाकावा लागला. हे उरलेले तुकडे कुठल्याच आठवड्याच्या गरजेशी जुळत नाहीत.

लॉट फॉर लॉट हा यावरचा सर्वांत सरळ उपाय. गरज असलेल्या सहा आठवड्यांत सहा सेटिंग, शिल्लक काहीच नाही. खर्च मात्र 5,400. साठा शून्य दिसतो म्हणून हा नियम अनेकांना स्वच्छ वाटतो, पण सहा वेळा डाय उतरवून चढवणारा सेटर ते मान्य करणार नाही.

मधला रस्ता म्हणजे ठरावीक कालावधीचा नियम. लॉटचा आकार ठरवायचा नाही, तो किती आठवडे पुरावा ते ठरवायचं. 173 ला 50 ने भागलं तर साडेतीनच्या आसपास येतात, ते 3 आठवडे धरू. पहिल्या आठवड्यात 100, चौथ्यात 120, सातव्यात 180. शिल्लक फक्त पहिल्या, चौथ्या आणि सातव्या आठवड्याअखेर: 40, 20 आणि 60. सेटिंगचे 2,700 आणि साठ्याचे 360, एकूण 3,060. सेटिंग 173 च्या लॉटइतक्याच, पण तुकडा एकही उरत नाही, कारण लॉट नेहमी पूर्ण आठवड्यांची बेरीज असतो. वॅग्नर आणि व्हिटिन यांची 1958 ची नेमकी किमान खर्च शोधणारी पद्धतही या आकड्यांवर हेच उत्तर देते.

पण हे जमलं ते नशिबाने, कारण तीन-तीन आठवड्यांच्या खिडक्या शून्यांशी बरोबर जुळल्या. आता समजा, मोजणीत गोदामात 60 ब्रॅकेट सापडल्या आणि पहिल्या आठवड्याची गरज भागली. खिडकी पहिल्या गरजेपासून सुरू होत असेल तर ती आता दुसऱ्या आठवड्यापासून धरली जाते. लॉट होतात दुसऱ्यात 140, पाचव्यात 140, आठव्यात 60. खर्च 4,020. दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्यात 40, 120 आणि 180 काढले असते तर 2,940 त भागलं असतं. म्हणजे साठ नग जास्त मिळूनही खर्च वाढला. शिवाय ब्रॅकेट ज्यातून बनते त्या कापलेल्या पत्र्याच्या तुकड्यांची, म्हणजे ब्लँकची, सगळी ऑर्डर हलली. या हलण्याला नियोजनवाले प्रणालीची अस्वस्थता म्हणतात. ती ओळखायला सोपी आहे: वरच्या यादीत एक आकडा बदलला आणि पुरवठादाराला चार बदल कळवावे लागले, तर कारण बहुधा लॉटच्या नियमातच असतं.

कालावधीच्या नियमातली आणखी एक खोड कॅलेंडरची. कॅलेंडरवर दोन-दोन आठवड्यांचे ठरलेले गट आणि लॉट गटाच्या सुरुवातीलाच, असं लावलं तर चौथ्या आठवड्याचे 100 नग तिसऱ्यातच बनतात आणि आठवडाभर बसून राहतात. चार सेटिंग आणि एकूण 4,200 रुपये. पहिल्या गरजेला लॉट टाकला असता तर दोन आठवड्यांच्या नियमानेही 3,060 च आले असते. म्हणून नियम निवडण्याआधी आपली प्रणाली लॉट कुठल्या तारखेला टाकते ते पाहावं. मला तरी कालावधी दोनचा की तीनचा यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

या वादाचं पुढचं वळण जपानमधून आलं, आणि ते गणितात नव्हतं. टोयोटात शिगेओ शिंगो यांनी 1969 च्या सुमारास हजार टनी प्रेसची डाय बदलण्याचा वेळ चार तासांवरून आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणला. सूत्रात सेटिंगचा खर्च दिलेला मानायचा असतो, यांनी तोच खोडला. आपल्या उदाहरणात लॉट फॉर लॉटला तीन सेटिंग जास्त लागतात आणि 360 रुपयांचा साठा वाचतो. म्हणजे सेटिंग 120 रुपयांच्या खाली आलं की तोच नियम तीन आठवड्यांच्या नियमाला मागे टाकतो. 900 वर तोच नियम लावला तर 2,340 रुपये जास्त जातात.