नोकरी सरकारी की खासगी, यापेक्षा रुजू होण्याची तारीख

सरकारी आणि खासगी नोकरीची तुलना आपण अजूनही अशी करतो, जणू प्रत्येक सरकारी नोकरीला जुनी पेन्शन आहे. गेल्या वीस वर्षांत हे चित्र बदलले असून आज दोन सरकारी कर्मचाऱ्यांमधील अंतर कधीकधी सरकारी आणि खासगी यांच्यातील अंतराएवढेच मोठे असते.

जुन्या व्यवस्थेत कर्मचाऱ्याच्या पगारातून पेन्शनसाठी काहीही कापले जात नसे. निवृत्तीच्या वेळी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम दरमहा ठरे, तिच्यावर महागाईनुसार वाढ मिळे आणि मृत्यूनंतर जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होई. ही सरकारची मर्जी नसून सेवेतून मिळवलेला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 1982 रोजी नकारा खटल्यात स्पष्ट केले. निवृत्तिवेतनधारक आजही हा दिवस पाळतात. बडतर्फीपूर्वी चौकशीची हमी देणारा राज्यघटनेचा अनुच्छेद 311 सोबतीला असल्याने सेवेत असताना आणि सेवेनंतरही उत्पन्न सुरक्षित राही.

खासगी क्षेत्राचा मार्ग वेगळा होता. 1952 च्या कायद्याने भविष्य निर्वाह निधी आला. तो बचत देत होता, तहहयात उत्पन्न नव्हे. 16 नोव्हेंबर 1995 पासून कर्मचारी पेन्शन योजना लागू झाली आणि मालकाच्या हिश्श्यातून वेतनाचे 8.33 टक्के तिच्याकडे वळू लागले. मात्र हे अंशदान ठरावीक वेतनमर्यादेपर्यंतच घेतले जाते. ती मर्यादा 2014 पासून 15,000 रुपये आहे, आणि सुरू झालेल्या पेन्शनला महागाई भत्त्याची जोड नाही. मला या योजनेतील खरा अन्याय इथेच दिसतो: पगार वाढत गेला तरी पेन्शनचा हिशेब मागेच राहतो.

सरकारी बाजू बदलली ती वाढत्या खर्चामुळे. 1 जानेवारी 2004 पासून केंद्र सरकारच्या सेवेत (सैन्यदले वगळून) आणि 1 नोव्हेंबर 2005 पासून महाराष्ट्र शासनाच्या सेवेत नव्याने येणाऱ्यांसाठी अंशदानावर आधारलेली योजना आली. कर्मचारी आणि सरकार दोघेही पैसे भरतात, ते बाजारात गुंतवले जातात आणि निवृत्तीनंतर साठ्यातील काही भागातून विमा कंपनीकडून वार्षिकी, म्हणजे एकरकमी पैशांच्या बदल्यात मिळणारे नियमित उत्पन्न, घ्यावी लागते. रक्कम किती मिळेल याची जोखीम त्यामुळे सरकारकडून कर्मचाऱ्याकडे सरकली. मार्च 2023 मधला राज्य कर्मचाऱ्यांचा संप याच असंतोषातून उभा राहिला. केंद्राने 1 एप्रिल 2025 पासून दिलेल्या एकीकृत पेन्शन योजनेत किमान 25 वर्षे सेवा झालेल्यांना शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी परत आली, पण कर्मचाऱ्याची दहा टक्के कपात कायम राहिली.

आता आकडे पाहू. जुन्या पेन्शनचा हक्क असलेल्या कर्मचाऱ्याचे शेवटचे मूळ वेतन 80,000 रुपये असेल, तर त्याला दरमहा 40,000 रुपये आणि वर महागाई वाढ मिळते. तीस वर्षे सेवा केलेल्या आणि जास्त वेतनावर अंशदानाचा विकल्प न घेतलेल्या खासगी कर्मचाऱ्याची पेन्शन, योजनेत मिळणारी दोन वर्षांची अधिक सेवा धरूनही, वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले 70 या सूत्रानुसार जास्तीत जास्त 15,000 गुणिले 32 भागिले 70, म्हणजे सुमारे 6,857 रुपये होते. हे अंतर त्याला स्वतःच्या साठ्यातून भरायचे असते. वार्षिकीचा दर साडेसहा टक्के धरला, तर दरमहा पूर्ण 40,000 रुपयांसाठी सुमारे 74 लाख रुपये हवेत, आणि तेही महागाईनुसार न वाढणाऱ्या उत्पन्नासाठी.

एवढा साठा खासगी नोकरीत अशक्य नाही. भविष्य निर्वाह निधी आणि इतर बचत मिळून दरमहा 10,000 रुपये आठ टक्के परताव्याने तीस वर्षे साठले, तर सुमारे 1 कोटी 49 लाख होतात. पण नोकरी बदलताना पहिल्या दहा वर्षांची रक्कम काढून घेतली, तर उरलेल्या वीस वर्षांत साठतात केवळ 59 लाख. काढलेल्या पैशांत प्रत्यक्ष भरलेली रक्कम 12 लाखच होती, व्याजासह ती सुमारे 18 लाख झाली होती; निवृत्तीपर्यंत मात्र तिचेच 90 लाख झाले असते. सरकारी सेवेत हा मोह फारसा उद्भवत नाही, कारण तिथे वारंवार नोकरी बदलली जात नाही आणि साठा सहज हातात येत नाही. खासगी नोकरी बदलणाऱ्याने म्हणूनच निधी काढण्याऐवजी आपल्या यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या भविष्य निर्वाह निधी क्रमांकाखाली नव्या खात्यात वर्ग करून घ्यावा आणि आधीच्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली आहे का, हे तपासावे. ती नोंद नसली की हस्तांतरण अडते.